जिन्यातला दिवा आणि उसनं न्यूट्रल: निवडक खोल्यांना इन्व्हर्टर देतानाचं एक प्रकरण

काम संपवून आम्ही निघालो त्याच रात्री घरमालकीणबाईंचा फोन आला. "दादा, तुम्ही लावलेल्या नव्या बोर्डातलं ते बटण सारखं खाली पडतंय. आणि पडतं तेव्हा जुन्या बोर्डातलंही कधी कधी पडतं." मी विचारलं, नेमकं काय लावल्यावर पडतं? त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "जिन्यातला दिवा. फक्त तोच."

एका नऊ वॅटच्या एलईडी दिव्याने दोन आरसीसीबी, म्हणजे गळती दिसली की वीज तोडणारी बटणं, पाडायचे, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण त्या उत्तराने चूक कुठे आहे ते मला फोनवरच कळलं, आणि ती माझी होती. या कामात लोक घराला मेनवरून इन्व्हर्टरवर नेणारा चेंजओव्हर कोणता घ्यावा यावर बराच खल करतात. खरं काम असतं ते न्यूट्रलचं. म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून सांगतो.

घर आणि मागणी

दुमजली घर, सिंगल फेज, २३० व्होल्ट. मेन स्विचनंतर ३० मिलिअँपिअरचा एक आरसीसीबी आणि त्याखाली आठ एमसीबी. मागणी सोपी होती. वीज गेली की तळमजल्यावरचा हॉल, वडिलांची खोली, अभ्यासाची खोली आणि जिन्यातला दिवा चालू राहिला पाहिजे. वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांच्या हवेच्या गादीचा छोटा पंप थांबला की गादी हळूहळू बसते. स्वयंपाकघर, वरचा मजला, पाण्याचा पंप, गीझर यांना बॅकअप नको.

भार मोजला. तीन पंखे प्रत्येकी ७० वॅट, आठ दिवे प्रत्येकी ९ वॅट, दोन लॅपटॉप मिळून १२० वॅट, राउटर आणि गादीचा पंप मिळून साधारण २२ वॅट. सगळं एकदम चालू धरलं तर ४२४ वॅट. बॅटऱ्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या दोन, सिरीजमध्ये, म्हणजे २४ व्होल्ट आणि कागदावर ३६०० वॅट-अवर. लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर अर्ध्याच्या खाली नेऊ नये, म्हणून १८००. इन्व्हर्टरमधला तोटा वजा केला की हातात १५०० च्या आसपास उरतात. पूर्ण भारावर साडेतीन तास. घरच्यांना तेवढं पुरेसं होतं.

इन्व्हर्टर २००० व्हीएचा, शुद्ध साइन वेव्हचा, पण मेनची वीज स्वतःतून पुढे न सोडणारा. त्याला एका बाजूने बॅटरी आणि दुसऱ्या बाजूने २३० व्होल्टचं आउटपुट, एवढंच. चार्जर वेगळा. नेहमीच्या घरगुती इन्व्हर्टरमध्ये चेंजओव्हरची रिले आतच असते, इथे ती बाहेर लावावी लागणार होती. तो चार्जर बॅकअपच्या बाजूला नव्हे, मेनच्या बोर्डातच जोडायचा. बॅकअपला जोडला तर वीज गेल्यावर इन्व्हर्टर आपल्याच बॅटरीतून आपलीच बॅटरी भरत बसतो आणि ती वाया जात रिकामी होते.

खोली म्हणजे सर्किट नव्हे

माणूस खोल्या सांगतो, बोर्डात मात्र सर्किटं असतात, आणि या दोन्हींचा मेळ क्वचितच बसतो. एकेक एमसीबी बंद करून घरभर फिरलो आणि काय बंद पडतं ते वहीत लिहिलं. दोन नंबरवर हॉल होता, तीनवर वडिलांची खोली. इथपर्यंत ठीक. चार नंबरवर मात्र अभ्यासाच्या खोलीबरोबर स्वयंपाकघराची एक भिंत होती, त्यात मिक्सरचा आणि फ्रिजचा पॉइंट. चार नंबर तसाच उचलून बॅकअपवर टाकला असता तर फ्रिज नकळत बॅटरीवर आला असता. कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका चालू प्रवाहाच्या कितीतरी पट असतो. रात्री दोन वाजता इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडला असता आणि कारण कुणाला सापडलं नसतं.

म्हणून अभ्यासाच्या खोलीसाठी बोर्डापासून फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन नव्या तारा ओढल्या आणि जुना जोड जंक्शन बॉक्समध्ये तोडला. निवडलेल्या खोल्यांतले १६ अँपिअरचे पॉवर पॉइंट मुद्दाम मेनवरच ठेवले. बॅकअपवरच्या प्लग पॉइंटना नारिंगी प्लेट लावली. वीज गेलेली असताना कुणी इस्त्री कुठे लावायची हे शोधत असेल, तर प्लेट पाहून कळतं.

फीड कुठून घ्यायची

बॅकअपसाठी मेनच्या शेजारी दुसरा छोटा बोर्ड बसवला. त्यात डबल पोल ऑटोमॅटिक चेंजओव्हर, त्यानंतर ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी, त्याखाली ६ अँपिअरचे तीन एमसीबी आणि स्वतंत्र न्यूट्रल लिंक. चेंजओव्हरच्या एका बाजूला मेनची फीड, दुसऱ्या बाजूला इन्व्हर्टरचं आउटपुट.

मेनची फीड जुन्या आरसीसीबीच्या आधी घ्यायची की नंतर, यावर माझ्याबरोबरच्या वायरमन मामांशी थोडी चर्चा झाली. नंतर घेणं सोपं होतं, तार हाताशी होती. पण मग स्वयंपाकघरातल्या एखाद्या दोषाने जुना आरसीसीबी पडला की चेंजओव्हरला वाटणार, वीज गेली. तो इन्व्हर्टरवर जाणार आणि हॉलमध्ये बसलेल्यांनाही वाटणार, वीजच गेली आहे. खरं तर रस्त्यावर वीज असते, फक्त बॅटरी संपत असते. शिवाय मेनवर असताना ३० मिलिअँपिअरचे दोन आरसीसीबी एकामागे एक येतात आणि कोणता आधी पडेल याचा भरवसा राहत नाही. म्हणून फीड मेन स्विचनंतर पण जुन्या आरसीसीबीच्या आधी घेतली, १६ अँपिअरच्या डबल पोल एमसीबीतून.

या निर्णयाला एक धोका चिकटलेला आहे. मेन स्विच बंद केला की चेंजओव्हर इन्व्हर्टरवर जातो. उद्या कुणी मेन बंद करून "आता घर मेलं" असं समजून हॉलच्या बोर्डात हात घातला, तर तिथे २३० व्होल्ट असतील. तीन खोल्या पूर्ण मारायच्या तर मेन स्विच आणि इन्व्हर्टरचा एमसीबी, दोन्ही बंद करावे लागतात. "या घराला दोन पुरवठे आहेत, दोन्ही बंद करा" अशी पाटी मेन स्विचवर, नव्या बोर्डावर आणि इन्व्हर्टरवर लावली. पाटी न लावता मी हे काम कुणाच्या हाती सोपवणार नाही.

चेंजओव्हर डबल पोल का

बाजारात फेजच बदलणारा, न्यूट्रल तसाच ठेवणारा चेंजओव्हर मिळतो. अनेक घरांत इन्व्हर्टरची फक्त फेज खोलीपर्यंत नेतात आणि न्यूट्रल घरातलंच वापरतात. दिवे लागतात, म्हणून काम झालं असं वाटतं. पण आरसीसीबी एवढंच पाहतो की फेजमधून गेलेला प्रवाह त्याच्याच न्यूट्रलमधून परत आला का. फेज एका वाटेने जाऊन न्यूट्रल दुसऱ्या वाटेने आलं, तर त्याच्या लेखी ती गळतीच असते. डबल पोलमध्ये फेज आणि न्यूट्रल ही जोडी एकत्र बदलते आणि दोन पुरवठे कधीच एकमेकांना शिवत नाहीत. आधी एक बाजू तुटते, मगच दुसरी जुळते. ही अडवणूक यांत्रिक असली पाहिजे, म्हणजे एक संपर्क चिकटून बसला तरी दुसरा जुळू शकत नाही. नाहीतर इन्व्हर्टरची वीज उलटी रस्त्यावरच्या तारेत जाते, आणि तिथे लाइन बंद आहे असं समजून काम करणारा माणूस खांबावर असू शकतो.

परतीला उशीर ठेवला. वीज आल्यावर पहिल्या काही सेकंदांत ती अनेकदा पुन्हा जाते, म्हणून मेन ४५ सेकंद सलग टिकल्यावरच चेंजओव्हर मेनवर येतो. जातानाचा बदल लगेच होतो, पण क्षणभराचा खंड पडतोच. दिवा लुकलुकतो, पंख्याला कळतही नाही, राउटर मात्र एखाद्या वेळी पुन्हा सुरू होतो. इन्व्हर्टर सतत चालू ठेवायचा ठरला, कारण तो बंद ठेवला तर सुरू व्हायला काही सेकंद लागतात. त्याची किंमत आहे: रिकाम्या चालण्यात तो १८ वॅट घेत होता, म्हणजे दिवसाला ४३२ वॅट-अवर. बाईंना हे आधीच सांगितलं. त्यांनी ते मान्य केलं.

अर्थ, आणि टेस्ट बटण काय सिद्ध करतं

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण सुरक्षेचा सगळा भार या भागावर आहे.

मेनच्या पुरवठ्यात न्यूट्रल कुठेतरी जमिनीला जोडलेलं असतं. म्हणून कुणाचा हात फेजला लागला तर प्रवाह शरीरातून जमिनीत आणि जमिनीतून न्यूट्रलकडे परततो, आरसीसीबीला फरक दिसतो आणि तो पडतो. डबल पोल चेंजओव्हरने घर इन्व्हर्टरवर नेलं की मेनचं न्यूट्रल सुटतं आणि त्याबरोबर जमिनीशी असलेलं नातंही. इन्व्हर्टरची दोन्ही टोकं अधांतरी राहतात. अशा पुरवठ्यात पहिल्या दोषाला परतीची वाटच नसते, त्यामुळे आरसीसीबी पडत नाही. एखाद्या उपकरणाच्या धातूच्या अंगाला फेज चिकटून राहते आणि कुणालाही पत्ता लागत नाही. मग दुसऱ्या ठिकाणी दोष निर्माण झाला की दोन्ही मिळून घात करतात.

यावर उपाय म्हणजे इन्व्हर्टरच्या आउटपुटचं न्यूट्रल अर्थला जोडणं, एकाच जागी, चेंजओव्हरच्या आधी. आमच्या इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत याची स्पष्ट मुभा होती, म्हणून केलं. सगळे इन्व्हर्टर तसे नसतात. काहींच्या आतल्या रचनेला असा जोड चालत नाही आणि तो करताच आतली सर्किट जळते. काहींत मेन आत येऊन पुढे जातं आणि न्यूट्रल सलग असतं. तिथे हा जोड कायमचा केला तर मेनच्या न्यूट्रलचा प्रवाह अर्थच्या तारेतून वाटला जातो. काहींत हा जोड करणारी रिले आतच असते. पुस्तिका न वाचता इथे हात लावू नये.

जोड करण्याआधी मुद्दाम एक चाचणी घेतली. घर इन्व्हर्टरवर टाकलं आणि नव्या आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं. तो पटकन पडला. मामा म्हणाले, "झालं की साहेब, चालतोय." मग आरसीसीबी टेस्टर प्लग पॉइंटला लावला, जो फेज आणि अर्थच्या मधून ३० मिलिअँपिअर सोडतो. काहीच घडलं नाही. बटण आरसीसीबीच्या आतच एका बाजूची फेज रोधकातून दुसऱ्या बाजूच्या न्यूट्रलला जोडतं, त्याला अर्थची गरजच नसते. यंत्र हलतं आहे एवढंच ते सांगतं. घराला संरक्षण आहे की नाही हे ते सांगू शकत नाही. न्यूट्रल अर्थला जोडल्यावर तीच चाचणी पुन्हा केली आणि आरसीसीबी २८ मिलिसेकंदांत पडला. मामांनी ती आकडेवारी स्वतःच्या वहीत लिहून घेतली.

अर्थची तार मात्र दोन्ही बोर्डांत एकच आणि अखंड. तिच्यात स्विच, एमसीबी किंवा चेंजओव्हर कधीच येत नाही.

शॉर्ट सर्किटबद्दल एक गोष्ट घरच्यांना सांगून ठेवली. मेनवर असताना एखाद्या खोलीत शॉर्ट झालं की त्या खोलीचा एमसीबी पडतो, बाकीच्या चालू राहतात. इन्व्हर्टरवर तसं घडेलच असं नाही. २००० व्हीएचा इन्व्हर्टर सलग पावणेनऊ अँपिअर देतो आणि क्षणभर त्याच्या दुप्पट. ६ अँपिअरच्या बी-कर्व्ह एमसीबीला झटक्यात पडायला १८ ते ३० अँपिअर लागतात. तेवढे मिळायच्या आत इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद होतो, आणि तिन्ही खोल्या एकदम अंधारात जातात. बॅटरीजवळ डीसी फ्यूज लावलाच होता, कारण त्या बाजूला पूर्ण भारावर ७५ अँपिअरच्या आसपास वाहतात आणि बॅटरी शॉर्टमध्ये हजारो अँपिअर देऊ शकते.

मग जिन्यातला दिवा

न्यूट्रल वेगळी आहेत की नाहीत याची चाचणी मी केली होती. मेन बंद करून कुलूप लावलं, टेस्टरने खात्री केली, सगळे एमसीबी खाली, सगळी उपकरणं प्लगमधून काढलेली. न्यूट्रल लिंकमधून आठही न्यूट्रल सोडली आणि दोन-दोन घेऊन मल्टिमीटरने पाहिली. कुठेही एकमेकांना जोडलेली नव्हती. मग प्रत्येक सर्किटची फेज दुसऱ्यांच्या न्यूट्रलशी तपासली, दिव्यांचे स्विच चालू ठेवून. तिथेही काही दिसलं नाही. मी पुढे गेलो.

चूक इथे झाली. एलईडी दिव्याच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. मल्टिमीटरच्या एक-दोन व्होल्टला ती तुटलेल्या तारेसारखीच दिसते. दिवा दोन सर्किटांच्या मध्ये बसलेला असूनही मीटरला काही कळलं नाही. जुना १०० वॅटचा तारेचा बल्ब असता तर तो थंड असताना ४० ओहमच्या आसपास दिसला असता आणि चोरी तिथेच उघडी पडली असती.

दुसऱ्या सकाळी तेच केलं. मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद, न्यूट्रल सोडलेली, जिन्याच्या होल्डरमध्ये तारेचा बल्ब. दोन नंबरची फेज आणि सहा नंबरचं न्यूट्रल यांच्यामध्ये मीटर लावलं आणि ४१ ओहम आले. म्हणजे जिन्याच्या दिव्याची फेज खालून, हॉलच्या बोर्डातून येत होती आणि न्यूट्रल वरून, वरच्या मजल्याच्या पॅसेजमधून. जिन्याचा दिवा खालून-वरून दोन्हीकडून लागतो, त्यासाठी टू-वे स्विच असतात. घर बांधताना ज्याच्या हाताला जे जवळ सापडलं ते त्याने घेतलं. वर्षानुवर्षं एकाच आरसीसीबीखाली सगळं असल्याने ते चाललं. आता हॉल नव्या बोर्डावर आणि वरचा पॅसेज जुन्या बोर्डावर. फेज एका आरसीसीबीतून जाणार, न्यूट्रल दुसऱ्यातून येणार, आणि दोघांनाही पूर्ण प्रवाह गळतीसारखा दिसणार. नऊ वॅट म्हणजे ३९ मिलिअँपिअर, आणि एलईडीचा पॉवर फॅक्टर कमी असल्याने प्रत्यक्षात त्याहून जास्त. ३० ची मर्यादा सहज ओलांडली. तिथे तीन वॅटचा नाइट लॅम्प असता तर १३ मिलिअँपिअरवर कदाचित काहीच पडलं नसतं, आणि हे उसनं न्यूट्रल वर्षभर तसंच लपून राहिलं असतं.

लपून राहिलेलं न्यूट्रल जास्त वाईट असतं. समजा कुणी वरच्या पॅसेजच्या कामासाठी सहा नंबरचा एमसीबी बंद केला आणि त्याचं न्यूट्रल लिंकमधून सोडलं. खाली कुणी जिन्याचा दिवा लावला, तर त्या सोडलेल्या, "मेलेल्या" न्यूट्रलच्या टोकाला दिव्यातून आलेले २३० व्होल्ट असतात. न्यूट्रल सोडून काम करताना प्रत्येक टोक झाकून ठेवायचं ते यासाठीच.

मामांनी सुचवलं की दोन्ही बोर्डांची न्यूट्रल एकत्र जोडून टाकू. त्याने सगळा खटाटोप वाया गेला असता: दोन्ही आरसीसीबी जवळपास प्रत्येक उपकरणावर पडू लागले असते, मग कुणीतरी वैतागून ते काढले असते. अशीच घरं मी पाहिली आहेत, जिथे आरसीसीबी बोर्डात आहे पण तारा त्याला वळसा घालून जातात. मामांना हे कागदावर रेघा काढून दाखवलं. त्यांना पटलं, आणि पुढचं काम त्यांनीच केलं.

दोन वाटा होत्या. सहा नंबर पूर्ण बॅकअपवर आणायचा, किंवा जिन्याच्या दिव्याला हॉलकडून स्वतःचं न्यूट्रल द्यायचं. पहिल्याने वरच्या न्हाणीघराचे पॉइंटही बॅटरीवर आले असते. म्हणून हॉलच्या बोर्डातून जुन्या पाइपातून स्प्रिंगने नवी काळी तार वर नेली. टू-वेच्या तारांनी पाइप भरलेला होता, त्यामुळे दोन तास गेले. दिव्याच्या होल्डरशी जुनं न्यूट्रल सोडलं, त्याचं टोक झाकलं, नवं जोडलं.

मग घर पुन्हा उभं करताना पद्धत बदलली. एका वेळी एकच सर्किट, त्याची फेज आणि त्याचंच न्यूट्रल जोडायचं, बाकीची न्यूट्रल झाकून सोडलेली. त्या सर्किटचा प्रत्येक दिवा आणि पंखा लावून पाहायचा. जो लागत नाही तो दुसऱ्याचं न्यूट्रल वापरतो. यात मीटरचा भ्रम नाही. हॉलच्या टीव्हीमागचा एक छोटा प्लग पॉइंटही असाच परका निघाला. तिथे कधी काही लावलेलंच नव्हतं, म्हणून आरसीसीबीनेही तो दाखवला नव्हता. तो बंद करून वरून कोरी प्लेट लावली.

शेवटी मेन स्विच बंद केला. जिना लुकलुकला आणि पेटलेला राहिला. टोंग टेस्टर हॉलच्या फेज आणि न्यूट्रलभोवती एकत्र लावला, काटा शून्यावर, म्हणजे गेलेला सगळा प्रवाह परत येत होता. वडिलांच्या खोलीत गादीचा पंप चालू होता. मेन स्विच पुन्हा वर केला आणि आम्ही सगळे ४५ सेकंद त्या चेंजओव्हरकडे बघत उभे राहिलो, तो खटकन मेनवर येईपर्यंत.